डिझेल, ऑइल आणि कूलंटची वही: स्वतःची पिकअप चालवणाऱ्याने नेमके काय लिहावे?

घाटउतार

नमस्कार. माझी स्वतःची दीड टनी डिझेल पिकअप आहे, बीएस-६ इंजिनाची. नाशिकहून भाजीपाला वाशीच्या बाजारात नेतो. गेल्या वर्षापासून गाडीत एक वही ठेवली आहे आणि प्रत्येक वेळी डिझेल भरले की तारीख, किलोमीटर आणि लिटर लिहितो. गाडीचा ॲव्हरेज आजवर १३.२ ते १३.५ च्या दरम्यान राहिला आहे. जूनमधल्या नोंदी मात्र मला समजेनाशा झाल्या आहेत, म्हणून त्या जशाच्या तशा देतो.

२ जून, ८४,२१०, टाकी फुल.
५ जून, ८४,६९०, ३६.१ लिटर, फुल.
९ जून, ८५,०२०, २० लिटर, फुल नाही.
११ जून, ८५,२३५, २४.६ लिटर, फुल.
१५ जून, ८५,७००, ३८.४ लिटर, फुल.
१९ जून, ८६,१९०, ४०.८ लिटर, फुल.

९ तारखेला हिशेब केला तर साडेसोळा येतो, ११ तारखेला पावणेनऊच्याही खाली जातो आणि पुढे बाराच्या आसपास स्थिरावतो. गाडी खरोखर जास्त पिऊ लागली आहे की हा नोंदीचा घोळ आहे? दुसरे असे की, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि सर्व्हिसचा खर्च याच वहीत लिहावा की वेगळा ठेवावा? जे नियमाने लिहितात त्यांनी आपली पद्धत सविस्तर सांगावी ही विनंती.

निवांत_प्रवासी

दादा, पंप बदलून पाहा. मापात मारतात. माझ्या कारचा ॲव्हरेज एकदा असाच उतरला होता आणि पंप बदलल्यावर परत चढला.

जुनेगॅरेज

आधी आकड्यांचा गुंता सोडवू, मग गाडीकडे येऊ.

९ तारखेला टाकी फुल केलेली नाही, त्यामुळे त्या दिवशी ॲव्हरेज काढताच येत नाही. टाकीत जुने डिझेल किती शिल्लक होते हे आपल्याला ठाऊक नसते. जे ठाऊक असते ते एवढेच, की एकदा टाकी काठोकाठ होती आणि पुढे कधीतरी ती पुन्हा तेवढीच काठोकाठ झाली. या दोन क्षणांच्या मध्ये जेवढे डिझेल ओतले, तेवढेच जळले. म्हणून अर्धवट भरणा नुसता लिहून ठेवायचा आणि पुढच्या फुल टाकीच्या लिटरमध्ये मिळवायचा. तुमच्या बाबतीत ५ जूनपासून ११ जूनपर्यंत ५४५ किलोमीटर झाले आणि डिझेल २० अधिक २४.६, म्हणजे ४४.६ लिटर लागले. ॲव्हरेज १२.२२ आला. साडेसोळाही खोटा आणि पावणेनऊही खोटा.

आता खरी रांग पाहा: १३.३०, १२.२२, १२.११, १२.०१. ही रांग उतरती आहे आणि उतार सुमारे दहा टक्क्यांचा आहे. म्हणजे तुमची शंका रास्त आहे.

फुल म्हणजे काय, हेही ठरवून घ्या. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की थांबायचे. वरून थेंब थेंब दाबून भरायला लावले तर एके दिवशी दीड लिटर जास्त बसते आणि पुढच्या वेळचा आकडा बिघडतो. शक्यतो एकच पंप ठेवावा आणि गाडी सपाटीवर उभी करावी.

पंपाच्या मापाबद्दल एक गोष्ट सांगतो. कोणत्याही ग्राहकाला पंपावर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागता येते आणि त्यात २५ मिलिलिटरचा फरक चालतो. तो अर्धा टक्का झाला. दहा टक्के तूट मापातून यायची तर पाच लिटरमागे अर्धा लिटर कमी मिळायला हवे. तशी शंका असेल तर तपासणी जरूर मागा. वहीत पंपाचा रकाना ठेवला असेल तर मात्र याचे उत्तर वहीच देते. तूट एकाच पंपाच्या डिझेलवर दिसत असेल तर पंपाकडे पाहावे आणि सगळीकडच्या डिझेलवर दिसत असेल तर गाडीकडे.

घाटउतार

काका, मनापासून आभार. शेवटच्या तीन फुल टाक्या दोन वेगवेगळ्या पंपांवरच्या आहेत आणि आकडा दोन्हीकडे सारखाच आहे. तेव्हा पंपाचा प्रश्न बाजूला ठेवतो.

अबोली_सांगली

मी मोबाइलवर शीटमध्ये लिहिते. अर्धवट भरणा मध्ये आला की सूत्र कसे द्यायचे, हे अनेकांना अडते. वरच्याच नोंदी घेऊ. २ जूनची नोंद दुसऱ्या ओळीत, B मध्ये किलोमीटर आणि C मध्ये लिटर असतील, तर ११ जूनच्या ओळीत, म्हणजे पाचवीत, हे येईल:

```
=(B5-B3)/SUM(C4:C5)
```

किलोमीटर मागच्या फुल टाकीपासून मोजायचे आणि लिटर तिच्या पुढच्या ओळीपासून आजपर्यंत मिळवायचे. अर्धवट भरण्याच्या ओळीत ॲव्हरेजचा रकाना कोराच ठेवायचा.

सीएनजीवाला

माझी रिक्षा सीएनजीवर आहे आणि मला तर रोजचा आकडा वेगळा येतो. कधी किलोला ३८, कधी ३१. मग मीही गॅरेजला जावे का?

जुनेगॅरेज

भाऊ, तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. गॅसची टाकी फुल झाली म्हणजे प्रत्येक वेळी तेवढाच गॅस बसला असे होत नाही. पंपाचा दाब कमी असेल किंवा भरताना सिलिंडर तापला असेल तर कमी गॅस बसतो. डिझेलच्या टाकीला जसा काठ असतो तसा गॅसला नसतो. त्यामुळे एका भरण्याचा आकडा धरूच नका. महिन्याचे एकूण किलोमीटर आणि महिन्याचे एकूण किलो घ्या आणि महिना महिन्याशी ताडून पाहा. पेट्रोलवरही गाडी चालवत असाल तर त्याचे लिटर आणि त्यावरचे किलोमीटर वेगळ्या रकान्यात हवेत. ३१ ते ३८ हा एका भरण्याचा चढउतार असेल तर इतक्यात गॅरेज गाठण्याची गरज नाही.

घाटउतार, आता तुम्हाला दोन प्रश्न. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मार्ग किंवा माल बदलला का? आणि कूलंट व ऑइलच्या नोंदी काय सांगतात?

घाटउतार

मार्ग तोच आहे. माल मात्र बदलला आहे. पूर्वी वाशीहून रिकामा परतत असे. ६ जूनपासून भिवंडीच्या एका गोदामातून नाशिकचे परतभाडे मिळू लागले आहे आणि साधारण टनभर माल घेऊन कसारा घाट चढतो.

कूलंट १२ जूनला थोडे भरले, असे लिहिले आहे. ऑइलपुढे प्रत्येक वेळी ‘ठीक, टॉप-अप नाही’ असे आहे.

दिंडोरीकर

मग कोडे सुटलेच की. आधी भरलेला माल घाट उतरत होता आणि रिकामी गाडी चढत होती. आता भरलेली गाडी चढते आहे. ॲव्हरेज पडणारच. परतभाडे मिळते आहे ना, मग घ्या आणि वहीकडे लक्ष देऊ नका. नव्वद रुपयांचे डिझेल धरले तर १३.३ च्या ॲव्हरेजला किलोमीटरमागे ६ रुपये ७७ पैसे लागतात आणि १२ ला ७ रुपये ५० पैसे. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर धरले तर फरक अडीचशे रुपयांच्या आसपास होतो. परतभाडे त्यापेक्षा कितीतरी जास्त मिळत असेल.

स्मिता_नगर

दिंडोरीकर दादांचा हिशेब बरोबर आहे, पण वहीकडे लक्ष देऊ नका हे काही पटले नाही. ॲव्हरेज मालामुळे उतरला, हा अंदाज आहे. तो तपासता येण्याजोगा आहे, तर तपासावा. एका टाकीपुरते परतभाडे सोडून द्यावे आणि पूर्वीसारखे रिकामे यावे. १३ च्या वर आकडा परत आला तर माल हेच कारण. नाही आला तर उरलेल्या तुटीचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

आमच्याकडे गाडी यजमान चालवतात आणि वही मी ठेवते. डिझेलच्या ओळीतच मी एक छोटा रकाना केला आहे, त्यात ‘जाताना भरलेली, येताना रिकामी’ असे खुणेने लिहिते. वजन किलोत लिहायची गरज पडत नाही. भरलेली, अर्धी, रिकामी एवढ्या तीन खुणांत काम भागते.

मिलिंद_पनवेल

कूलंट भरावे लागले म्हणजे हेड गॅसकेट गेले. माझ्या मित्राच्या गाडीचे असेच झाले होते. ताबडतोब गाडी बंद करा आणि हेड उघडा.

जुनेगॅरेज

मिलिंदराव, हेड गॅसकेट गेले की कूलंट कमी होते हे खरे आहे. कूलंट एकदा कमी दिसले म्हणून हेड उघडणे मात्र घाईचे होईल. इथेच नोंद कशी केली याला महत्त्व येते. ‘थोडे भरले’ यातून काहीच कळत नाही. नोंद अशी हवी: सकाळी इंजिन गार असताना पातळी दोन खुणांच्या मध्ये कुठे होती, किती मिलिलिटर घातले आणि त्या वेळी किलोमीटर किती होते. एकदा दोनशे मिलिलिटर घातले आणि पुढच्या हजार किलोमीटरमध्ये पातळी हलली नाही, तर गळती नाही. दर आठवड्याला दोनशे घालावे लागत असेल तर मात्र पाणी कुठेतरी जाते आहे आणि होज, रेडिएटर, वॉटर पंप हे सगळे पाहून मग हेडचा विचार करायचा. एक काळजी घ्या, गरम इंजिनावर झाकण कधीही उघडू नका.

हेच ब्रेक ऑइलबद्दल. पुढचे पॅड झिजतात तसे ब्रेक ऑइलची पातळी सावकाश खाली येते, ते साहजिक आहे. अशा वेळी वरून भरत राहिले तर नवे पॅड घालताना पिस्टन मागे सरतात आणि टाकीतून ब्रेक ऑइल बाहेर येते. म्हणून तिथे भरल्याची नोंद नको, पातळीची नोंद हवी. चार दिवसांत पातळी बोटभर उतरली तर ती गळती समजावी आणि गाडी माल घेऊन घाटात नेऊ नये.

ऑइलची नोंद तुम्ही ‘ठीक’ अशी केली आहे. ती मला अपुरी वाटते. उद्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, सपाटीवर, डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घाला आणि मग ऑइल नेमके कुठे आहे ते सांगा. वरच्या खुणेच्या खाली किती किंवा वर किती, हे हवे.

दिंडोरीकर

ऑइल कमी झाले असते तर दादांच्या लक्षात आलेच असते. टॉप-अप लागले नाही म्हणजे उत्तमच आहे.

जुनेगॅरेज

मला ऑइल वाढले आहे का, हे पाहायचे आहे.

घाटउतार

सगळ्यांचे ऐकून दोन्ही गोष्टी केल्या.

स्मिताताईंनी सांगितल्याप्रमाणे एक टाकी पूर्वीसारखी चालवली, येताना रिकामी. २२ जून, ८६,६७०, ३८.६ लिटर, फुल. ४८० किलोमीटरला १२.४४ आला. म्हणजे मालाने खाल्ला तो चार दशांशाच्या आसपास आणि जुन्या १३.३ पर्यंतची बाकी तूट तशीच उरली.

पावसामुळे असेल म्हणून मागच्या वर्षीच्या जूनची पाने उघडली. तेव्हा रिकामे परतत असताना १३.१ होता. पाऊस दोन दशांशांचाच धनी ठरतो.

डिपस्टिक सकाळी पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्या वर पाच-सहा मिलिमीटर आहे. एप्रिलमध्ये ऑइल बदलले त्या दिवशी ते बरोबर वरच्या खुणेवर होते, कारण ते मी स्वतः पाहून घेतले होते. त्यानंतर एक थेंबही घातलेला नाही. बोटांत चोळून पाहिले तर पातळ वाटते आणि डिझेलचा वास येतो.

मिलिंद_पनवेल

ऑइल वाढले? मग पाणी उतरले असेल. म्हटले होते ना, हेड गॅसकेट.

जुनेगॅरेज

पाणी उतरले असते तर ऑइल दुधाळ, चहासारखे दिसले असते आणि कूलंट सतत कमी होत गेले असते. इथे रंग काळाच आहे, वास डिझेलचा आहे आणि कूलंट एकदाच भरावे लागले आहे. म्हणजे ऑइलमध्ये डिझेल मिसळते आहे.

बीएस-६ डिझेल गाडीत हे होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजेच डीपीएफ. त्यात काजळी साठली की ती जाळण्यासाठी इंजिन उशिराने जास्तीचे डिझेल सोडते. ही सफाई पूर्ण झाली तर ठीक. ती अर्धवट राहून पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर त्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. डिझेलही जास्त जळते आणि ऑइलही पातळ होते. तुमच्या वहीत या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात दिसत आहेत. एखादा इंजेक्टर ठिबकत असेल तरीही असेच होते, म्हणून नुसत्या नोंदीवरून मी निकाल देणार नाही.

फिल्टरची अर्धवट सफाई शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांना जास्त छळते. तुम्ही तर हमरस्त्यावर तासन्‌तास चालवता. मग तुमच्याकडे का व्हावे? माझा पुढचा प्रश्न तापमानाच्या काट्याबद्दल आहे. घाट उतरताना तो कुठे असतो?

घाटउतार

हे विचारलेत म्हणून आठवले. पूर्वी काटा मध्यावर जाऊन बसत असे आणि मग दिवसभर हलत नसे. आता सपाटीवर मध्याच्या थोडा खाली राहतो आणि कसारा उतरताना आणखी खाली येतो. शहापूरच्या पुढे रहदारीत थांबलो की पुन्हा चढतो. गाडी गरम होत नाही, थंडच आहे, म्हणून मी ते चांगलेच समजत होतो.

जुनेगॅरेज

थर्मोस्टॅट उघडा अडकला असण्याची दाट शक्यता आहे. त्याचे काम इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवण्याचे असते. तो उघडाच राहिला तर पाणी कायम रेडिएटरमधून फिरते, इंजिन हव्या त्या तापमानाला पोचत नाही आणि घाट उतरताना, जेव्हा डिझेल जवळजवळ जळतच नाही, तेव्हा तर झपाट्याने गार पडते. गार इंजिन जास्त डिझेल घेते. फिल्टरची सफाई सुरू राहायलाही इंजिन पुरेसे गरम असावे लागते, म्हणून तीही मधेच तुटते. आजकालचे काटे मुद्दाम मध्यावर स्थिर राहतील असे केलेले असतात, त्यामुळे काटा दिसण्याइतका खाली येतो तेव्हा आतले तापमान बरेच उतरलेले असते.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावून चालत्या गाडीत कूलंटचे तापमान पाहायला सांगा. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान ते टिकायला हवे. त्याच बैठकीत फिल्टरमधल्या काजळीचे प्रमाण आणि इंजेक्टरचे आकडेही पाहून घ्या. आणि हे ऑइल आता वापरू नका. पातळ ऑइलाने बेअरिंग आणि टर्बो झिजतात, शिवाय पातळी फार वाढली तर ते श्वासनळीतून इंजिनात ओढले जाऊन गाडी आवरेनाशी होऊ शकते. दहा हजार किलोमीटर व्हायचे आहेत म्हणून थांबू नका.

हिशेबनीस

चर्चा डिझेल आणि ऑइलवर छान रंगली आहे, पण मूळ प्रश्नाचा एक भाग मागे पडला, तो सर्व्हिसच्या खर्चाचा. ही वही आयकरासाठीही सांभाळून ठेवावी. प्रत्येक पावती लागते, नाहीतर खर्च मान्य होत नाही.

स्मिता_नगर

हिशेबनीस काका, ते प्रत्येकाला लागू होत नाही. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याला १९६१ च्या कायद्यातील कलम ४४एई खाली ठोकळ उत्पन्न दाखवता येत असे. हलक्या गाडीला महिन्याला साडेसात हजार रुपये धरायचे आणि मग डिझेल-दुरुस्तीचा खर्च वेगळा मागायचा नाही, म्हणून त्याच्या हिशेबाच्या वह्याही ठेवण्याचे बंधन नसे. त्यापेक्षा कमी उत्पन्न दाखवायचे असेल तर मात्र वह्या आणि ऑडिट दोन्ही आले. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा आपल्या सीएंना एकदा विचारून घ्यावे. आमची वही आम्ही कराकरता ठेवत नाही, भाडे किती घ्यायचे हे कळावे म्हणून ठेवतो.

खर्चाचे आम्ही दोन भाग करतो. एक, या महिन्यात प्रत्यक्ष दिलेले पैसे. दुसरा, चालवलेल्या किलोमीटरबरोबर झिजून गेलेले पैसे, जे अजून द्यायचे आहेत. आमच्या गाडीचे आकडे सांगते. चार टायर २८ हजारांचे, ते ४० हजार किलोमीटर जातात, म्हणजे किलोमीटरला ७० पैसे. ऑइल आणि फिल्टरची सर्व्हिस ५ हजारांची, दर दहा हजारांना, म्हणजे ५० पैसे. क्लच १६ हजारांचा, ८० हजारांना, म्हणजे २० पैसे. एवढ्या तिघांचेच १ रुपया ४० पैसे झाले. महिन्याला साडेतीन हजार किलोमीटर झाले की ४ हजार ९०० रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे. टायर घ्यायची वेळ येते तेव्हा पैसे तिथे असतात, उसने मागावे लागत नाहीत.

डिझेलच्या ओळीत लिटर आणि दर हे दोन्ही वेगळे लिहावेत. नुसते रुपये लिहिले तर खर्च दर वाढल्यामुळे वाढला की गाडी जास्त पिऊ लागल्यामुळे, हे नंतर काही केल्या सांगता येत नाही.

दिंडोरीकर

ताई, हे पैसे वेगळे टाकण्याचे मला अवघड वाटते. हप्ता, विमा, टोल आणि पासिंग यातच महिना संपतो. खात्यात पाच हजार राहिले की घरी काहीतरी निघतेच.

स्मिता_नगर

दादा, ते आमच्याकडेही होते. म्हणून आम्ही महिन्याची वाट पाहत नाही. फेरीचे भाडे हातात आले की त्या फेरीच्या किलोमीटरांना दीड रुपयाने गुणून ते त्याच दिवशी पाठवून देतो. साडेतीनशेच्या फेरीला सव्वापाचशे होतात. भाडे ठरवताना ते खर्चातच धरलेले असतात.

अबोली_सांगली

टायरचा आकडा प्रत्येकाने आपला काढावा, दुसऱ्याचा घेऊ नये. आमच्याकडे उसाच्या शेतातल्या रस्त्यांवर तेच टायर तीस हजारही जात नाहीत.

घाटउतार

मंडळी, गाडी दाखवून आलो.

स्कॅनर लावून मेकॅनिकने मुंबई-आग्रा रस्त्यावर विल्होळीपर्यंत गाडी चालवली. तापमान ६८ च्या वर टिकतच नव्हते. थर्मोस्टॅट काढून बादलीतल्या गार पाण्यात धरला तरी झडप अर्धी उघडी दिसत होती. स्प्रिंगच्या बाजूला खवली बसली होती. नवा बसवला, कूलंट पूर्ण बदलले, हवा काढली. ऑइल आणि फिल्टर बदलला. काढलेले ऑइल मापात ओतून पाहिले, तर भरलेल्यापेक्षा जवळजवळ पाऊण लिटर जास्त निघाले. डीपीएफमध्ये काजळी बरीच होती, ती गॅरेजमध्येच सफाई लावून जाळली. इंजेक्टरचे आकडे ठीक आहेत असे त्यांनी सांगितले.

त्यानंतर दोन टाक्या झाल्या, दोन्ही परतभाड्यासह. १२.७ आणि १२.८. काटा मध्यावर बसतो आणि कसारा उतरतानाही हलत नाही.

दिंडोरीकर

अभिनंदन. माल चढवूनही पावणेतेरा म्हणजे गाडी पूर्ववत झाली. मालाचा वाटा चार दशांश आणि पावसाचा दोन, हा तुमचाच हिशेब. १३.३ मधून ते वजा केले तर १२.७ च येतो.

जुनेगॅरेज

हिशेब जुळतो आहे, तरी दोन टाक्यांवर निश्चिंत होऊ नये. गॅरेजमध्ये सफाई झाल्यामुळे फिल्टर आत्ता रिकामा आहे, म्हणून सुरुवातीच्या टाक्या चांगल्या येणारच. काजळी पुन्हा साठेल आणि गाडी आपण होऊन सफाई करील, तेव्हा ती पूर्ण होते का हे कळेल. इंजेक्टरबद्दलही माझ्या मनात थोडी शंका आहे. स्कॅनरवर आकडे ठीक दिसतात आणि तरी एखादा बारीक ठिबकतो, असे मी पाहिले आहे.

याचे उत्तर डिपस्टिक देईल. दर हजार किलोमीटरला, सकाळी, त्याच जागी उभ्या असलेल्या गाडीत पातळी लिहा. दोन खुणांमधल्या अंतराचे चार भाग कल्पा आणि ‘वरून एक भाग खाली’ अशा शब्दांत नोंद करा. ती वरच्या खुणेवर राहिली किंवा किंचित उतरली तर थर्मोस्टॅट हेच कारण होते. पुन्हा चढू लागली तर इंजेक्टर काढून बेंचवर तपासावे लागतील.

मिलिंद_पनवेल

एक विचारतो. माझ्या कारचा काटा नेहमीच मध्याच्या जरा खाली असतो, नवी घेतली तेव्हापासून. मग तिचाही थर्मोस्टॅट अडकला आहे का?

जुनेगॅरेज

नवी असल्यापासून तिथेच असेल आणि उतारावर हलत नसेल तर ती तिची नेहमीची जागा आहे. पाहायचा तो बदल. एकदा स्कॅनरवर तापमान पाहून घ्या, म्हणजे शंका फिटेल.

घाटउतार

काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे वहीचे पान नव्याने आखले. डिझेलच्या ओळीत तारीख, किलोमीटर, लिटर, दर, फुल की अर्धवट, पंप आणि मालाची खूण. वहीच्या मागच्या बाजूने दर हजार किलोमीटरची पाने: ऑइलची पातळी, कूलंटची पातळी आणि घातले असेल तर मिलिलिटर, ब्रेक ऑइलची पातळी, घाटात काटा कुठे होता. सर्व्हिसची बिले तिथेच किलोमीटर टाकून लिहितो आहे. या वेळचे ऑइल किती हजारांना बदलावे, हे मात्र अजून ठरवलेले नाही. मेकॅनिक दहा हजार म्हणतात.

जुनेगॅरेज

या वेळी दहाची वाट पाहू नका, पाच हजारांना बदला. आधीच्या पातळ ऑइलाचा थोडा अंश इंजिनात राहिलेलाच असतो. तोवर डिपस्टिकच्या पाच नोंदीही हाती येतील. त्या पाचही इथे टाका, मग पुढचे ठरवू.

घाटउतार

टाकतो. पहिली नोंद आजचीच आहे: ८७,९२०, ऑइल बरोबर वरच्या खुणेवर.